खानेसुमारीच्या रकान्यात बसलेल्या जाती-जमाती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजांच्या खानेसुमारीने, म्हणजे जनगणनेने, जाती-जमाती घट्ट केल्या म्हणता; म्हणजे जाती इंग्रजांनीच निर्माण केल्या, असं म्हणायचं आहे का?

नाही. हा दावा समाजमाध्यमांवर फिरतो, पण तो टिकत नाही. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे जात होती, शिवाशिव होती आणि जातीवरून भांडणंही होती. पेशवाईत कोणी वेदोक्त मंत्र म्हणावेत, कोणी धोतर कसं नेसावं यावरून ‘ग्रामण्यं’, म्हणजे जातीच्या हक्कांवरचे वाद, उभी राहत. प्रभू आणि सोनार यांच्यावरची ग्रामण्यं तर प्रसिद्धच आहेत. दरबार निर्णय द्यायचा आणि तो मोडणाऱ्याला दंड व्हायचा. गोतसभेच्या कागदांत आणि वतनाच्या महजरांत जातीचे उल्लेख जागोजागी सापडतात. ‘खानेसुमारी’ हा शब्दही इंग्रजांनी आणलेला नाही.

तेव्हा सोवळ्या-ओवळ्याचं पाप साहेबाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही.

मग वसाहतीच्या खानेसुमारीने वेगळं काय केलं?

‘तू कोण?’ या प्रश्नाला पूर्वी एकच उत्तर नसायचं. विचारणारा कोण आणि कशासाठी विचारतोय, त्यावर उत्तर ठरायचं. देशावरच्या शेतकऱ्याला पाटलाने विचारलं तर तो मिरासदार म्हणजे जमिनीचा वंशपरंपरागत मालक, किंवा उपरी म्हणजे बाहेरून आलेलं कूळ. सोयरीक जुळवताना विचारलं तर त्याचं कूळ, देवक आणि भाऊबंद. फौजेत तो मराठा, बांधावर कुणबी आणि मुंबईत गेला की घाटी. यातलं कुठलंच उत्तर खोटं नव्हतं. वाद झालाच तर तो त्या गावापुरता, फार तर परगण्यापुरता असे आणि दोन पिढ्यांनी निकाल उलटूही शकत असे.

खानेसुमारीला हे चालत नव्हतं. तिला एका माणसाचं एकच उत्तर हवं होतं आणि ते मुंबई इलाख्यात सिंधपासून कारवारपर्यंत एकाच यादीत बसायला हवं होतं. त्या उत्तराची बेरीज छापली जाणार होती, दर दहा वर्षांनी तिची मागच्या आकड्याशी तुलना होणार होती. नाव, आकडा आणि क्रम असा छापील, सरकारी आणि इलाखाभर लागू होणारा ऐवज यातून पहिल्यांदा तयार झाला. पुढे त्या आकड्यांवर जागा, सवलती आणि कायदे बेतले गेले आणि मग त्यातून मागे फिरणं अवघड झालं.

जात प्रत्यक्षात नोंदवायचे कशी?

हे समजून घेण्यासारखं आहे, कारण जाती घट्ट होण्याचं बरंचसं काम याच कारकुनी पायऱ्यांत झालं.

उदाहरणासाठी 1901 ची खानेसुमारी घेऊ. साधारण तीस ते पन्नास घरांचा एक गट आणि त्याला एक गणक. हा गणक बहुधा तलाठी, कुलकर्णी किंवा शाळामास्तर. तो गावातलाच, त्यामुळे कोण कोणाचा हे त्याला आधीच माहीत. निदान तसं त्याला वाटायचं. घरांना क्रमांक पडायचे, काही आठवडे आधी कच्ची नोंद व्हायची आणि 1 मार्चच्या रात्री घरोघर फिरून जन्म, मृत्यू, आले-गेले पाहुणे यांची दुरुस्ती व्हायची. तक्त्यातला एक रकाना होता हिंदू आणि जैनांची जात, इतरांची जमात किंवा वंश यासाठी. म्हणजे जात कोणाला असते आणि ‘जमात’ कोणाची असते, हे रकान्याच्या मथळ्यानेच आधी ठरवून टाकलं होतं.

पुढची पायरी खरी निर्णायक. त्या वर्षी हिंदुस्थानात पहिल्यांदा चिठ्ठ्यांची पद्धत आली. तक्त्यातल्या प्रत्येक माणसाची एक छोटी चिठ्ठी करायची. चिठ्ठीचा रंग धर्माप्रमाणे, वरची खूण स्त्री की पुरुष, लग्न झालंय की नाही याप्रमाणे. मग कचेरीत बसलेले कारकून या चिठ्ठ्या लाकडी खणांत टाकत. एक खण म्हणजे एक जात. चिठ्ठीवर लिहिलेलं नाव यादीतल्या कुठल्या जातीत धरायचं, हे जातींच्या छापील सूचीवरून ठरायचं. पोटजात मुख्य जातीत जमा, लहान जाती ‘इतर’ मध्ये, आडनाव किंवा धंदा लिहिला असेल तर अंदाजाने कुठेतरी. एक चिठ्ठी दोन खणांत टाकता येत नसे. घरमालकाने ‘आम्ही कुणबी, पण मराठेच म्हणा’ असं सांगितलं असेल, तरी खणात पडताना त्यातला ‘पण’ गळून जायचा.

एखादं उदाहरण तपशिलात सांगाल का?

मराठा-कुणबी. आज त्यावर रोज बोललं जातं, पण खानेसुमारीत नेमकं काय घडलं हे फारसं सांगितलं जात नाही.

1885 च्या सुमाराचे मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर उघडा. पुणे जिल्ह्याच्या खंडात म्हटलंय की कुणबी या नावात कुणबी आणि मराठे असे दोन वर्ग येतात, पण त्यांच्यात रेघ मारणं कठीण. ते एका पंगतीत जेवतात, त्यांच्यात लग्नं होतात, रूप, धर्म, चालीरीती सारख्याच. साताऱ्याच्या खंडात तर 1881 च्या गणतीत मराठे कुणब्यांतच धरले आहेत असं नोंदवलंय.

1901 मध्ये मात्र फोड केली गेली. इलाख्यात ‘मराठा’ या मोठ्या मथळ्याखाली सुमारे 36.5 लाख माणसं. त्यांत 19 लाख कुणबी, साडेतीन लाख कोकणी आणि उरलेले 14 लाख नुसतेच ‘मराठा’, पुढे काही न सांगितलेले. या 14 लाखांकडे नीट बघा. त्यात शहाण्णव कुळीचा अभिमान सांगणारी घराणी आहेत आणि गणकाने फार न विचारता ‘मराठा’ लिहून सोडून दिलेला साधा शेतकरीही आहे. एकमेकांशी सोयरीक न करणारी माणसं एका खणात पडली आणि एकमेकांचे व्याही वेगळ्या खणांत.

आता साताऱ्याकडचं एक घर कल्पू. आजोबा 1881 मध्ये कुणब्यांत मोजले गेले, कारण जिल्ह्यात सगळेच तसे मोजले गेले. 1901 मध्ये बापाने काय सांगितलं असेल ते तो कोणापुढे बोलत होता यावर अवलंबून. गणक कुलकर्णी असेल तर ‘कुणबी’, सत्यशोधकी वळणाचा मास्तर असेल तर कदाचित ‘मराठा’. मुलगा मुंबईत गिरणीत लागला, पुढे 1931 मध्ये त्याने ‘मराठा’ सांगितलं. या घरात कोणी जात बदलली नाही, देवक बदललं नाही, सोयरीक त्याच गावांत झाली. तक्त्यात मात्र कुणबी एकाने घटले आणि मराठे एकाने वाढले. अशी लाखो घरं होती. म्हणून 1901 नंतर देशावर कुणब्यांचा आकडा उतरत आणि मराठ्यांचा चढत गेलेला दिसतो. कुठल्याही रोगराईने एकट्या कुणब्यांनाच गाठलं नव्हतं.

‘कुणबी माजला, मराठा झाला’ ही म्हण हिणवण्यासाठी वापरतात, पण तिच्यात एक जुनी वहिवाट आहे. बैलजोडी वाढली, पाटीलकी आली, घोडं दारात उभं राहिलं की घराणं हळूहळू वर सरकायचं आणि पडत्या काळात खाली यायचं. वाट दोन्ही बाजूंनी उघडी होती. खानेसुमारीने या वाटेला नाव देण्याऐवजी तिच्या दोन टोकांना नावं दिली आणि मधला भाग कागदावरून पुसला गेला.

विदर्भात गाडी वेगळ्या रुळावर गेली. वऱ्हाड आणि मध्य प्रांताच्या गणतीत ‘कुणबी’ हेच मोठं नाव टिकलं आणि शेतकरी समाजानेही ते सोडलं नाही. सारखीच शेती करणाऱ्या, सारखाच नांगर धरणाऱ्या माणसांची आज सातारा आणि अमरावतीच्या कागदांवर वेगवेगळी नावं दिसतात, त्यामागे हा प्रशासकीय फरकही आहे.

लोकांनी स्वतःच नावं बदलून घेतली ना? मग दोष खानेसुमारीला का?

लोक गप्प बसून मोजले गेले नाहीत, हे खरंच. 1901 चे खानेसुमारी आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींना नुसतं मोजलं नाही, तर ‘सामाजिक प्रतिष्ठे’च्या क्रमाने लावायचं ठरवलं. कोण कोणाच्या हातचं पाणी घेतो, ब्राह्मण कोणाचं पौरोहित्य करतो, अशा कसोट्यांवर प्रांतोप्रांती स्थानिक प्रतिष्ठितांची मतं घेतली गेली. जे भांडण आजवर पंगतीत आणि पाणवठ्यावर चालायचं, त्याला सरकारने छापील गुणवत्ता यादी काढून दिली. मग अर्ज सुरू झाले. आम्हाला क्षत्रिय लिहा, आम्हाला वैश्य लिहा, आमचं जुनं नाव काढून नवं घाला. 1911 च्या वेळी बंगालात आलेल्या अशा अर्जांचं वजनच दीड मण भरलं, असं तिथल्या अधीक्षकाने नोंदवून ठेवलंय. अर्ज करायला सभा लागते, सभेला अध्यक्ष, वंशावळ, मासिक, वर्गणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या अनेक जातिसभांना इथून जोर मिळाला. रिस्लेचा प्रतिष्ठाक्रम 1911 मध्ये सोडून देण्यात आला, पण लोकांनी तो सोडला नाही.

आपल्याकडे त्यात राजकारणाची भर पडली. 1919 च्या सुधारणांनंतर मुंबई विधिमंडळात ‘मराठा आणि तत्सम जातीं’साठी सात जागा राखून ठेवल्या गेल्या. आता ‘मराठा’ हा मोठा आकडा असणं ही फक्त इभ्रतीची गोष्ट राहिली नाही. दोष कोणाचा, असं विचारण्यापेक्षा खेळाचे नियम कोणी आखले असं विचारलं तर उत्तर सोपं होतं: लोक हुशारीने खेळले, पण पट सरकारचा होता.

रिस्ले नाकं मोजायचे म्हणतात, ते काय होतं?

नाकाची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून वंश ठरवण्याचा उद्योग. त्यात मराठी ब्राह्मण आणि कुणबी दोघेही ‘सिथो-द्रविड’ या एकाच प्रकारात गेले. पुण्यात तेव्हा हे वाचून कोणाला जास्त राग आला असेल, याचा विचार करायला मजा येते. शास्त्र म्हणून यात आज काही उरलेलं नाही.

‘जमात’ कोण, हे कसं ठरलं?

इथे गोंधळ जातीपेक्षाही मोठा होता. जातीला निदान लोकांच्या तोंडात नाव होतं. ‘जमात’ ही अलगद वेगळी काढता येईल अशी वर्गवारी सह्याद्रीत किंवा सातपुड्यात कोणी वापरत नव्हतं. भिल्ल होते, वारली होते, ठाकर होते, कातकरी होते; पण या सगळ्यांना एका झाकणाखाली ठेवणारं नाव नव्हतं.

ते नाव दर दहा वर्षांनी बदलत गेलं. 1891 मध्ये मुंबई इलाख्यातूनच गेलेले आयुक्त बेन्स यांनी शेतकरी-पशुपालक गटांच्या पोटात ‘वन्य जमाती’ असा उपगट केला. 1901 मध्ये कसोटी धर्माची: जो हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही आणि निसर्गातल्या आत्म्यांना भजतो तो ‘अ‍ॅनिमिस्ट’, म्हणजे जडप्राणवादी. 1921 मध्ये ‘डोंगरी आणि वन्य जमाती’. 1931 मध्ये आयुक्त हटन यांनी ‘आदिम जमाती’ हे नाव घेतलं. माणसं तीच, डोंगर तोच.

आता डहाणूकडच्या एखाद्या वारल्याच्या दारात उभा असलेला गणक डोळ्यांपुढे आणा. धर्म कोणता? घरात हिरवा देव आहे, शिवेवर वाघदेव आहे, नारणदेवाची पूजा होते, होळी तर गावभर होते. ब्राह्मण लग्न लावत नाही, पण गावच्या जत्रेत सगळे जातात. यातलं हिंदू काय आणि अ‍ॅनिमिस्ट काय, हे तालुक्याहून आलेल्या मास्तराने दोन मिनिटांत ठरवायचं. शेजारच्या दोन गणकांनी दोन वेगळी उत्तरं लिहिली की एका दशकात हजारो भिल्ल किंवा वारली ‘हिंदू’ होत आणि पुढच्या दशकात पुन्हा ‘अ‍ॅनिमिस्ट’. अहवाल लिहिणारे मग धर्मांतराची लाट आली की काय यावर परिच्छेद लिहीत.

1911 च्या आधी आयुक्त गेट यांनी तर ‘खरे हिंदू’ ओळखायला कसोट्यांची यादीच धाडली: ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व मानतात का, वेद मानतात का, देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत प्रवेश आहे का, शिवल्याने विटाळ होतो का, प्रेत पुरतात का, गोमांस खातात का. या कसोट्या प्रामाणिकपणे लावल्या तर कितीतरी प्रतिष्ठित जातीही एक-दोन ठिकाणी नापास होतात, हे त्यांच्याही ध्यानात आलं.

याचा परिणाम आजवर टिकलाय, याचं ठोस उदाहरण कोणतं?

महादेव कोळी. जुन्नर, अकोले, इगतपुरी पट्ट्यातला हा समाज किल्ल्यांच्या नाईकवाड्या सांभाळायचा. जव्हारचं मुकणे संस्थान त्यांचं. 1848 मध्ये ठाण्यात फाशी गेलेले राघोजी भांगरे त्यांच्यातले. राजघराणं, वतनं आणि किल्ले असलेल्या या समाजाचं नाव पुढे जमातींच्या यादीत आलं, तर समुद्रावर जाणारे सोनकोळी त्या यादीबाहेर राहिले. कोळी हे एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दर्या असलेलं मोठं सैल नाव होतं. कोणी शेतकऱ्यांत मिसळलेला, कोणी मासे मारणारा, कोणी नदीकाठी पाणी भरणारा.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून मात्र त्यातल्या ठरावीक नावांनाच अर्थ आहे. महाराष्ट्राच्या आजच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोळी महादेव आणि डोंगर कोळी एका नोंदीत, कोळी मल्हार दुसऱ्या, कोळी ढोर आणि टोकरे कोळी तिसऱ्या. नुसतं ‘कोळी’ कुठेच नाही. आणि खेड्यातल्या मास्तराने शाळेच्या दाखल्यावर नेमकं तेच लिहिलेलं असतं: ‘हिंदू कोळी’.

असंच एक प्रकरण 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जुन्या कागदांवर हिंदू कोळी, दावा महादेव कोळी. दावा फेटाळला गेला, पण त्या निकालातून जात पडताळणी समित्यांची आजची चौकट आली. दक्षता पथक घरी येतं, वाडवडिलांचं गाव, कुलदैवत, लग्नातले आणि मर्तिकातले विधी विचारतं आणि ते त्या जमातीच्या ‘लक्षणां’शी जुळतात का हे पाहतं. ही लक्षणं बऱ्याचदा जुन्या वांशिक वर्णनांतून घेतलेली असतात. शंभर वर्षांपूर्वी एका साहेबाने एका खोऱ्यात पाहिलेला विधी आज नाशिकच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला सांगता आला पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही आप्तसंबंध चाचणी एकमेव निर्णायक कसोटी मानता येणार नाही असं स्पष्ट केलं, त्याने थोडा दिलासा मिळाला. दुसऱ्या बाजूने खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा बळकावल्या जातात, ही तक्रारही खरी आहे. म्हणून पडताळणीच नको, असं मी म्हणणार नाही.

हे सगळं अधिकाऱ्यांना कळत नव्हतं का?

चांगलं कळत होतं, आणि त्यांनी लिहूनही ठेवलं. 1921 मध्ये मुंबई इलाख्याचे अधीक्षक सेजविक यांनी ‘अ‍ॅनिमिस्ट’ हा वर्ग टाकून द्यावा, ती माणसं हिंदूंतच धरावीत असं सुचवलं. त्याच वर्षी पंजाबचे अधीक्षक मिडलटन यांनी तर जाहीर कबुली दिली की व्यवसायावरून पडलेल्या जाती वेगळ्या म्हणून बऱ्याच अंशी सरकारनेच घडवल्या आणि जवळजवळ पूर्णपणे सरकारनेच टिकवल्या. महसूल आणि नोंदींच्या कागदांनी त्यांना जखडून टाकलं. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी मुंबई विद्यापीठातून 1930-40 च्या दशकांत हेच मुद्दे पुढे नेले.

पण शंका प्रस्तावनेत राहते आणि तक्ते पुढे जातात. कलेक्टर कचेरीत कोणी अहवालाचा पाचवा अध्याय वाचत नाही, आकडा उतरवून घेतो.

जुन्या खानेसुमारीत माझ्या पणजोबांची नोंद सापडेल का?

नाही. हा प्रश्न हल्ली फार येतो, विशेषतः मराठवाड्यातून. तक्ते आणि चिठ्ठ्या बेरजेनंतर जपल्या गेल्या नाहीत. उरल्या त्या जिल्हावार किंवा तालुकावार बेरजा. हैदराबाद संस्थानच्या गॅझेटिअरमध्येही अमुक जिल्ह्यात इतके कुणबी असा आकडा आहे, माणसांची नावं नाहीत. स्वतंत्र भारतातल्या 1948 च्या कायद्यानुसार तर वैयक्तिक जनगणना नोंद पाहताही येत नाही आणि पुरावा म्हणून चालतही नाही.

नाव हवं असेल तर दुसरीकडे शोधावं लागतं: गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळाची नोंदवही, शाळेचा जनरल रजिस्टर उतारा. बरेचसे मोडीत आहेत, तेव्हा जाणकार वाचक सोबत घ्या. आणि एक लक्षात ठेवा. एकाच घरातल्या दोन भावांपुढे एका कागदावर ‘कुणबी’ आणि दुसऱ्यावर ‘मराठा’ सापडलं, तर लगेच खाडाखोड समजू नका. लिहिणारा बदलला की शब्द बदलायचा, इतकंच ते असू शकतं. शाई, अक्षराचं वळण आणि आजूबाजूच्या ओळी बघा. नंतर घुसडलेला शब्द बहुधा ओळीत नीट बसत नाही.

1931 नंतर खानेसुमारीत सर्व जातींची मोजणी झाली नाही. मग हे घट्ट होणं तिथेच थांबलं?

उलट, तेव्हाच पक्कं झालं. खानेसुमारीत निदान दर दहा वर्षांनी उत्तर बदलता यायचं. 1936 मध्ये अनुसूचित जातींचा आदेश निघाला, 1950 मध्ये राष्ट्रपतींचे आदेश. नावं याद्यांत गेली आणि यादीतलं अक्षर बदलायला संसद लागते. न्यायालयालाही ते बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये महाराष्ट्रातल्याच हलबा-कोष्टी प्रकरणात बजावलं. याद्या करणाऱ्यांपुढे आधार होता तो 1931 पर्यंतच्या तक्त्यांचा. राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत ‘मराठा-कुणबी’ आणि ‘कुणबी-मराठा’ ही जोडनावं 2004 मध्ये आली. खणातून गळलेला ‘पण’ एका छोट्या आडव्या रेघेच्या रूपाने परत आला म्हणा.

यादीच न देता, लोक सांगतील तसं लिहून घेतलं तर?

तोही प्रयोग झालाय. 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत आधीपासून ठरलेली जातींची सूची नव्हती, सांगतील ते लिहायचं होतं. केंद्राने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रानुसार 1931 मध्ये जातींची संख्या 4,147 होती, ती या गणनेत 46 लाखांवर गेली. एकट्या महाराष्ट्रात 4,28,677 नावं निघाली, तर सरकारी याद्यांतल्या जाती 494. त्यात आडनावं आहेत, कुळं आहेत, गोत्रं आहेत, एकाच नावाची दहा स्पेलिंगं आहेत. सरकारने हा विदा निरुपयोगी ठरवला. प्रशासनाच्या दृष्टीने तो तसा आहेच. मला मात्र ती 4,28,677 नावं एकदा वाचायला आवडतील, कारण 1881 च्या गणकाच्या कानावर घरोघर जे पडत होतं त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा कागद बहुधा तोच असेल. 2027 च्या जनगणनेत जात पुन्हा विचारली जाणार आहे. तेव्हा फॉर्मवरच्या रकान्याइतकीच त्याच्यामागची सूची कोणी केली, पोटजात कुठे जमा धरली आणि ‘इतर’ मध्ये काय ढकललं, हे मागून बघायला हवं.